त्वचारोग ओळखणारे सॉफ्टवेअर आणि आपली सावळी त्वचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी वाचकांच्या मनात मोबाइलवर फोटो पाहून त्वचारोग सांगणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी ज्या शंका येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः गजकर्ण हा एकच रोग घेतला आहे. तो या भागात घरोघरी आढळतो, आणि सॉफ्टवेअरची चूक कुठे व कशी होते हे त्यावरून स्पष्ट दिसते.

असे सॉफ्टवेअर रोग ओळखते म्हणजे नेमके काय करते?

त्याला आधी हजारो फोटो दाखवले जातात आणि प्रत्येक फोटोसोबत रोगाचे नाव दिले जाते. त्या फोटोंमधील रंग, कड, खवले आणि पोत यांची त्या नावाशी सांगड घालायला ते शिकते. नवा फोटो समोर आला की शिकलेल्या नमुन्यांपैकी तो कशाच्या जवळ जातो, एवढेच ते सांगते. त्यामुळे जे कधी दाखवलेच नाही ते त्याला ओळखता येत नाही. अशा वेळी ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्याऐवजी ते बहुधा जवळचे वाटणारे दुसरेच नाव सांगून मोकळे होते.

फोटोंच्या संग्रहांत सावळी त्वचा कमी आहे, हे कशावरून म्हणता?

२०२२ च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ या नियतकालिकात सर्वांना खुल्या असलेल्या २१ संग्रहांचा आढावा छापून आला. हे संग्रह मुख्यतः त्वचेच्या कर्करोगाच्या फोटोंचे होते आणि त्यांत मिळून १,०६,९५० फोटो होते. त्यांपैकी केवळ २,४३६ फोटोंसोबत रुग्णाच्या त्वचेचा प्रकार नोंदलेला होता, आणि त्या नोंदलेल्या फोटोंत तपकिरी त्वचेचे १० व अतिगडद त्वचेचा १ फोटो होता. रुग्णाचा वंश ज्यांत नोंदला होता अशा १,५८५ फोटोंमध्ये दक्षिण आशियाई पार्श्वभूमीची एकही व्यक्ती नव्हती.

या आकड्यांत दोन वेगवेगळे दोष आहेत. पहिला दोष सावळ्या त्वचेच्या फोटोंच्या तुटवड्याचा, आणि तो सहज लक्षात येतो. दुसरा दोष असा, की लाखभर फोटोंपैकी बहुसंख्य फोटोंबाबत त्वचा कोणत्या रंगाची होती हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. माझ्या मते हा दुसरा दोष अधिक चिवट आहे, कारण जिथे नोंदच नाही तिथे उणीव किती आहे हे मोजताही येत नाही.

पण असे झाले तरी का? कोणी मुद्दाम केले का?

मुद्दाम केले असे दिसत नाही. या संग्रहांचा उगम मेलॅनोमा नावाच्या त्वचेच्या कर्करोगात आहे. हा रोग गोऱ्या त्वचेत, विशेषतः ऑस्ट्रेलिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेत, पुष्कळ आढळतो, आणि तो वेळीच ओळखला तर जीव वाचतो. साहजिकच तिथल्या दवाखान्यांनी डर्मोस्कोप या प्रकाश असलेल्या भिंगातून तिळांचे व गाठींचे फोटो काढून जतन करण्याची पद्धत आधी बसवली. संशोधनात सर्रास वापरला जाणारा ‘एचएएम १००००’ हा २०१८ मधील संग्रह घ्या. त्यातील १०,०१५ फोटो ऑस्ट्रियातील व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथून आले आहेत. तिथे ज्या त्वचेचे रुग्ण येत होते, त्याच त्वचेचे फोटो जमा झाले.

पुढे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना हे संग्रह आयते आणि फुकट मिळाले. एकाने वापरले म्हणून तुलनेसाठी दुसऱ्यानेही तेच वापरले, आणि मूळ उणीव प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरत गेली. शिवाय फोटो संग्रहात जाण्यासाठी रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचावा लागतो, बायोप्सीसारखी तपासणी व्हावी लागते आणि फोटो व अहवाल एकत्र जपावे लागतात. आपल्याकडे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी जेमतेम काही मिनिटे मिळतात. तिथे फोटो निघालाच तर तो डॉक्टरांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये राहतो आणि मोबाइल बदलला की हरवतो.

रोग तोच, मग त्वचेच्या रंगाने असा काय फरक पडतो?

त्वचेला सूज आली की तिथला रक्तप्रवाह वाढतो. गोऱ्या त्वचेवर तो गुलाबी किंवा लाल दिसतो. सावळ्या त्वचेत वरच्या थरातील मेलॅनिन हे रंगद्रव्य त्या लालीला झाकते, त्यामुळे तीच सूज जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसते आणि कधीकधी केवळ डोळ्यांनी जाणवतही नाही. सोरायसिसचा चट्टा गुलाबी न दिसता जांभळट-तपकिरी दिसतो आणि त्यावरील खवले राखाडी वाटतात. इसबात लाली फारशी दिसत नाही, पण केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या उठतात आणि खाजवून त्वचा जाड होते.

सावळ्या त्वचेची आणखी एक सवय आहे. रोग बरा झाला तरी त्या जागी काळा डाग काही महिने राहतो. रोग अजून चालू आहे की फक्त त्याचा डाग उरला आहे, हे एका फोटोवरून ठरवणे तज्ज्ञालाही अवघड जाते. ज्या सॉफ्टवेअरने लाली म्हणजे सूज एवढेच शिकले आहे, त्याला येथे खरा रोग सौम्य वाटतो आणि जुना डाग भलताच रोग वाटतो.

एखादे उदाहरण देऊन सांगाल का?

खानापूर तालुक्यातील चाळिशीच्या एका शेतकरी स्त्रीचे उदाहरण घेऊ. हे कोणा एका व्यक्तीचे वर्णन नाही, पण पावसाळ्यात अशा रुग्ण या भागातील प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाला भेटतात. भातलावणीच्या दिवसांत अंगावरचे कपडे दिवसभर ओले राहतात. परकराची नाडी कमरेला जिथे काचते तिथे तिला खाज सुटली आणि गोल चट्टा उठला. औषधाच्या दुकानातून तिने मलम आणले, ज्यात बुरशीवरील औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइडही होते. खाज दोन दिवसांत थांबली, म्हणून तिने ते तीन आठवडे लावले, आणि तोवर चट्टा पाठीपर्यंत पसरला. वास्तविक २०१८ पासून अशी बहुतेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आहे, पण गावोगावच्या व्यवहारात ही बंदी किती पाळली जाते हे वाचकांना ठाऊक आहेच.

गजकर्णाचा पुस्तकी फोटो म्हणजे गुलाबी, उठावदार, खवले असलेली कडा आणि मध्ये जवळजवळ निरोगी त्वचा. या स्त्रीच्या कमरेवर यातले काहीच धड राहिलेले नसते. स्टिरॉइडमुळे खवले गेलेले असतात, कडा तुटक झालेली असते, सूज लाल न दिसता तपकिरी-काळी दिसते आणि मध्यभागी जुने डाग व त्यांच्या आत नवी अर्धवट वर्तुळे असतात. उजळ त्वचेवरच शिकलेले सॉफ्टवेअर अशा फोटोला सहज इसब म्हणू शकते. इसबावरचा नेहमीचा उपचार म्हणजे पुन्हा स्टिरॉइड. म्हणजे चुकीचे उत्तर तिला त्याच मलमाकडे परत पाठवते ज्याने रोग वाढवला.

तज्ज्ञ येथे रंगावर विसंबत नाहीत. ते चट्ट्यावर बाजूने तिरपा प्रकाश टाकून कडेचा उंचवटा पाहतात, बोट फिरवून तो जाणवतो का ते बघतात आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का हे विचारतात. त्यानंतर केओएच तपासणी होते. कडेवरची त्वचा बोथट पात्याने हलकेच खरवडून तो भुगा काचपट्टीवर घेतात, त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, काही मिनिटे थांबतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले धागे उरतात. ते दिसले की निदान पक्के होते, आणि तेव्हाच त्या चट्ट्याचा फोटो संग्रहात घेण्याच्या योग्यतेचा ठरतो.

सॉफ्टवेअर ९० टक्के अचूक आहे अशी जाहिरात असते. मग भीती कशाची?

तो आकडा कोणाकोणाचा मिळून काढला आहे हे विचारावे. समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. चाचणीत गजकर्णाचे १,००० फोटो होते, त्यांत उजळ त्वचेचे ९०० आणि सावळ्या त्वचेचे १००. सॉफ्टवेअरने उजळ त्वचेचे ८२८ आणि सावळ्या त्वचेचे ५२ बरोबर ओळखले. एकूण ८८० बरोबर आले, म्हणून जाहिरातीत ‘८८ टक्के’ छापले जाईल. प्रत्यक्षात उजळ त्वचेसाठी तो आकडा ९२ आहे आणि सावळ्या त्वचेसाठी ५२, म्हणजे आपल्याकडचा जवळजवळ दर दुसरा रुग्ण चुकला. म्हणूनच डॉक्टर आता प्रत्येक त्वचारंगाचा निकाल वेगळा मागू लागले आहेत.

त्यातही गटात फोटो किती आहेत हे पाहावे लागते. सावळ्या त्वचेचे फोटो फक्त १२ असतील आणि त्यांपैकी ९ बरोबर आले, तर ७५ टक्के दिसतात. त्यातले दोन फोटो इकडचे तिकडे झाले की तोच आकडा ९२ किंवा ५८ होतो. अशा टक्केवारीला काहीच अर्थ नाही.

खऱ्या सॉफ्टवेअरवर अशी चाचणी झाली आहे का?

होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१० ते २०२० या काळातील ५७० रुग्णांचे ६५६ फोटो निवडून ‘डीडीआय’ नावाचा संग्रह केला आणि २०२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातील प्रत्येक निदान ऊतक तपासणीने पक्के केलेले होते. अतिउजळ, मध्यम आणि गडद असे तीन गट त्यांनी जवळजवळ समसमान ठेवले: अनुक्रमे २०८, २४१ आणि २०७ फोटो. पूर्वी उत्तम ठरलेली सॉफ्टवेअर या संग्रहावर तपासली तेव्हा त्यांची कामगिरी घसरली. त्यांपैकी एकाने उजळ त्वचेवरील घातक गाठींपैकी सुमारे ६९ टक्के ओळखल्या, तर गडद त्वचेवर सुमारे २३ टक्केच. फोटो पाहून नावे देणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांचीही गडद त्वचेवर अधिक चूक झाली, आणि ही बाब डॉक्टरांनी लपवली नाही याचे मला विशेष वाटते.

या कामातून पुढची दिशा मिळाली. त्याच सॉफ्टवेअरला या वैविध्यपूर्ण संग्रहातील काही फोटो देऊन पुन्हा शिकवले, तेव्हा उजळ आणि गडद त्वचेतील दरी बुजली. म्हणजे यंत्राची पद्धत मुळातच टाकाऊ नव्हती, तिला दिलेले शिक्षण एकांगी होते. त्यासाठी लागलेले फोटो लाखांत नव्हते, शेकड्यांत होते. पण त्यांतील प्रत्येकाचे निदान पक्के होते.

आपली त्वचा ‘गडद’ गटात मोडते की ‘मध्यम’?

त्वचेचा प्रकार नोंदणारे बहुतेक संग्रह फिट्झपॅट्रिक मापनपद्धती वापरतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती १९७५ मध्ये अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी मांडली होती. उन्हात त्वचा भाजते की काळवंडते, हा तिचा प्रश्न होता. गडद त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार तिला नंतर जोडले गेले. आपल्याकडील बहुतेक लोक त्यातील चौथ्या व पाचव्या प्रकारात येतात, म्हणजे निपाणीच्या तंबाखूच्या शेतात राबणारा मजूर आणि सावलीत बसून काम करणारा त्याचा भाऊ कधी एकाच खान्यात पडतात, तर कधी वेगळ्या.

याचा परिणाम पाहा. २०२१ मध्ये आलेल्या ‘फिट्झपॅट्रिक १७के’ या संग्रहात १६,५७७ फोटो आहेत. त्यांत पहिल्या दोन प्रकारांचे ७,७५५, मधल्या दोन प्रकारांचे ६,०८९ आणि शेवटच्या दोन प्रकारांचे २,१६८ आहेत. मधला आकडा पाहून भारतीय त्वचेची सोय झाली असे वाटेल. पण तिसरा आणि चौथा प्रकार एकत्र मोजल्याने त्या गटात भूमध्य सागराकाठचे गव्हाळ रुग्णही येतात, आणि पाचव्या प्रकारातील आपला रुग्ण मात्र कमी फोटोंच्या गटात जातो. शिवाय हे प्रकार फोटो पाहून ठरवलेले आहेत. दिवा बदलला की फोटोतील रंग बदलतो आणि त्याबरोबर प्रकारही बदलतो. म्हणून काही संशोधक आता अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी वापरतात, तर काही जण छोट्या उपकरणाने निरोगी त्वचेचा रंग थेट मोजतात.

गोऱ्या त्वचेचेच फोटो संगणकावर गडद करून घेतले तर?

असे प्रयोग झाले आहेत आणि पूरक म्हणून त्यांचा थोडा उपयोगही होतो. पण फोटो नुसता काळसर केला तर लाल चट्टा गडद लाल होतो, जांभळट-राखाडी होत नाही. मागे उरणारा काळा डाग, केसांच्या मुळाशी उठणाऱ्या पुटकुळ्या, जाड झालेली त्वचा यांतले काहीच त्यात येत नाही. त्याला खऱ्या रुग्णाच्या फोटोची सर येत नाही, आणि तपासणीसाठी तर असे फोटो वापरूच नयेत.

आपल्या भागातील दवाखान्याला यात काय करता येईल?

यंत्र बनवण्याची गरज नाही. नीट काढलेला आणि नीट नोंदलेला फोटो हाच या कामातला दुर्मीळ भाग आहे, आणि तो तालुक्याच्या ठिकाणीही तयार होऊ शकतो. आफ्रिकेतील बालरुग्णांच्या त्वचारोगांचा ‘पॅशन’ हा संग्रह २०२४ मध्ये असाच उभा राहिला. इसब, बुरशी, खरूज अशा दवाखान्यात रोज दिसणाऱ्या रोगांवर त्यात भर आहे. आपल्याकडेही हेच रोग रोज समोर असतात.

फोटो काढताना मुख्य अडचण मोबाइलच्या स्वयंचलित प्रकाशयोजनेची असते. समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे दिसावे असा कॅमेऱ्याचा प्रयत्न असतो. सावळी मांडी पांढऱ्या चादरीवर ठेवली की कॅमेरा चादर पाहून उजेड कमी करतो आणि चट्टा काळोखात जातो. उलट, सावळ्या त्वचेने सगळी चौकट भरली की तो उजेड वाढवतो, त्वचा आहे त्यापेक्षा गोरी दिसते आणि कडेचा फिकट रंगभेद पुसला जातो. म्हणून मागे निळे किंवा राखाडी कापड धरावे, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात उभे राहावे, पिवळा बल्ब बंद करावा आणि फ्लॅश टाळावा, कारण घामट त्वचेवर तो चकाकी आणतो. चेहरा सुंदर करणारे फिल्टर अनेक मोबाइलमध्ये आपोआप चालू असतात, ते आधी बंद करावेत. एक फोटो दुरून घ्यावा, ज्यात अवयव कळेल, आणि एक जवळून, ज्यात मोजपट्टी आणि शेजारची निरोगी त्वचाही येईल. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर तो दाबला जाऊन बारीक खवले नाहीसे होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

प्रत्येक फोटोसोबत वय, शरीराचा भाग, त्वचेची छटा, किती दिवसांचा आजार, आधी कोणते मलम किती दिवस लावले, आणि निदान कशाने पक्के केले, हे लिहावे. आधीच्या मलमाची नोंद बहुतेक संग्रहांत नसते. भारतात मात्र ती अत्यावश्यक आहे, कारण स्टिरॉइडने चेहरामोहरा बदललेले गजकर्ण आपल्याकडे अपवाद राहिलेले नाही.

फोटो दिला तर माझी ओळख उघड होईल का?

चेहरा, गोंदण, मंगळसूत्र, खास दागिना हे सारे चौकटीबाहेर ठेवता येते, आणि फोटोच्या फाइलमध्ये लपलेली जागेची व वेळेची माहिती काढून टाकता येते. उपचारासाठीची संमती आणि फोटो संग्रहात देण्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नाकारली म्हणून पहिलीवर परिणाम होता कामा नये. सीमाभागात एक अडचण हमखास येते. फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि रुग्ण वाचते मराठी. तिला समजेल अशा भाषेत मजकूर वाचून दाखवल्याशिवाय घेतलेल्या सहीला संमती म्हणता येणार नाही.

सॉफ्टवेअर सुधारले की गावातल्या डॉक्टरांचे निदानही सुधारेल ना?

आपोआप नाही. २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ३९ देशांतील ३८९ त्वचारोगतज्ज्ञ आणि ४५९ सामान्य डॉक्टरांना फोटो दाखवून निदान विचारले होते. गडद त्वचेवर दोघांचीही अचूकता कमी भरली. संगणकाची मदत दिल्यावर दोघांचीही कामगिरी वाढली, पण सामान्य डॉक्टरांच्या बाबतीत उजळ आणि गडद त्वचेतील दरी उलट रुंदावली. डॉक्टरांनी स्वतः सावळ्या त्वचेवरील रोग पुरेसे पाहिलेले नसतील, तर यंत्राची सूचना केव्हा मानावी आणि केव्हा बाजूला ठेवावी हे त्यांना ठरवता येत नाही.

तोपर्यंत माझ्याकडे असलेले ॲप वापरू की नको?

तज्ज्ञाकडे जायचे की नाही हे ठरवण्यासाठी वापरत असाल, तर ‘काळजीचे कारण नाही’ या उत्तरावर विसंबू नका. ॲपने सुचवलेले मलम तर स्वतःहून मुळीच लावू नका. फिकट चट्ट्याबाबत विशेष सावध राहावे. फोटोत शिबे आणि कुष्ठरोगाचा सुरुवातीचा चट्टा यांत गल्लत होऊ शकते, आणि त्यांतला फरक रंगात नसून संवेदनेत आहे. कापसाच्या टोकाने हलकेच स्पर्श केल्यावर डोळे मिटलेल्या रुग्णाला तो कळतो का, ही तपासणी कोणत्याही कॅमेऱ्याला करता येत नाही. ती सरकारी दवाखान्यात होते, आणि कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते.